दहा कंटेनर हळदीची परदेशी चौकशी: भाव कळवण्याआधी काय तपासायचं

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये गाळा आहे, आयईसी काढून झालाय, स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणीही हातात आहे, आणि एक दिवस इनबॉक्समध्ये मेल पडते. ब्रिटनमधली एक घाऊक फूड कंपनी. त्यांना हळद पावडर हवी आहे, दर महिन्याला दहा कंटेनर, वर्षभराचा करार. क्वालिटी ‘बेस्ट’. मालाचा भाव, बँकेचे तपशील आणि कंपनीची कागदपत्रं आजच पाठवा, कारण उद्या पर्चेस कमिटीची मीटिंग आहे.

अशा मेलला घाईघाईने कोटेशन पाठवणं जितकं चुकीचं, तितकंच तिला फ्रॉड म्हणून उडवून टाकणंही. काही खऱ्या चौकशाही अशाच ढोबळ भाषेत येतात. म्हणून उत्तर लगेच द्यायचं, पण त्यात भाव नसावा. त्या उत्तरात काय लिहायचं आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत काय तपासायचं, ते या एकाच मेलचं उदाहरण धरून पाहू. ब्रिटनचं उदाहरण घेण्याचं कारण इतकंच की तिथली बरीच सरकारी नोंद फुकटात ऑनलाइन बघता येते.

आधी गुणाकार करा

मेल वाचल्यावर पहिलं काम कॅल्क्युलेटरचं. वीस फुटी कंटेनरमध्ये हळद पावडर ढोबळमानाने पंधरा टन धरू. पॅकिंग आणि पॅलेटप्रमाणे आकडा थोडा वरखाली होईल, पण अंदाजाला पुरेसा आहे. दहा कंटेनर म्हणजे महिन्याला १५० टन, वर्षाला १,८०० टन. भारतातून सगळ्या जगाला मिळून वर्षाला दीड लाख टनांच्या वर हळद जाते. म्हणजे एक अनोळखी कंपनी देशाच्या एकूण हळद निर्यातीतला जवळपास एक टक्का माल मागते आहे, आणि तोही ज्याने अजून एकही शिपमेंट केलेलं नाही अशा माणसाकडे. किलोला दीड डॉलर धरला तरी महिन्याची खरेदी सव्वादोन लाख डॉलरची झाली. एवढी खरेदी करणाऱ्याचे पुरवठादार ठरलेले असतात. तो नवा पुरवठादार घेतोच, पण सुरुवात एका कंटेनरने करतो, आणि त्याआधी लॅब रिपोर्ट मागतो.

एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मात्र हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे कंपनीचा ताळेबंद उघडाल, तेव्हा तो शेजारी ठेवून बघायचा आहे.

पहिलं उत्तर: भाव वगळून सगळं

भाव का द्यायचा नाही? एक तर हळदीचा भाव ग्रेड ठरल्याशिवाय निघतच नाही. राजापुरी की सेलम, कर्क्युमिन किती टक्के, किती मेशची पावडर, स्टीम स्टरिलाइज्ड हवी की नको, यावर किलोमागे मोठा फरक पडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. भाव मागणारा बहुतेक वेळा लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, बँक तपशिलांसकट प्रोफॉर्मा मागतो. तो कागद कधी नुसता भाव काढायला प्रतिस्पर्ध्याकडे जातो, कधी तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला खोटं बिल पाठवायला वापरला जातो. आणि एकदा का तुम्ही आकडा दिला की समोरचा लगेच ‘मान्य आहे’ म्हणतो आणि गाडी पुढच्या पायरीवर जाते. ती पायरी कोणती, ते खाली येईलच.

तर उत्तर साध्या इंग्रजीत, आठ-दहा ओळींत द्या. चौकशीबद्दल आभार, तुम्ही कोणता माल करता त्याची दोन वाक्यं, आणि ‘अचूक भाव देता यावा म्हणून खालील माहिती कळवावी’ असं लिहून हे विचारा:

कर्क्युमिनची किमान टक्केवारी आणि मेश किती हवी? ओलावा, शिसं, साल्मोनेला, एथिलीन ऑक्साइड आणि कीटकनाशकांच्या अंशाच्या मर्यादा तुमच्या स्पेसिफिकेशन शीटमध्ये काय आहेत, ती शीट पाठवाल का? पहिली ट्रायल ऑर्डर किती टनांची असेल? पॅकिंग २५ किलोच्या बॅगेत की दुसरं काही? माल कोणत्या बंदरावर उतरवायचा आहे, फेलिक्स्टो, लंडन गेटवे की साउदॅम्प्टन? कंपनी नोंदणी क्रमांक, व्हॅट क्रमांक, ईओआरआय क्रमांक आणि गोदामाचा पत्ता काय? ऑर्डरसाठी तुमच्या ऑफिसचा लँडलाइन नंबर आणि पर्चेस हेडचं नाव?

ही यादी चाळणीसारखी काम करते. हळद आयात करणाऱ्या माणसाला शिसं आणि एथिलीन ऑक्साइड हे शब्द पाठ असतात, कारण त्यावरून त्याचा माल बंदरावर अडकलेला असतो किंवा अडकण्याची धास्ती असते. त्याच्याकडे स्पेसिफिकेशन शीटची पीडीएफ तयार असते. कधीकधी तो उलट तुमच्याच प्रश्नांत चूक काढतो, आणि तसं झालं तर ते फार चांगलं लक्षण समजा. बनावट माणूस मात्र प्रश्नांना बगल देतो. ‘क्वालिटी तुमची रेग्युलर चालेल, आधी भाव पाठवा’ असं उत्तर आलं की तो हळद विकत घ्यायला बसलेला नाही हे जवळपास ठरलं.

या टप्प्यावर काय पाठवायचं नाही, तेही पक्कं असू द्या. पॅन कार्ड, रद्द केलेला चेक, आयईसीची स्कॅन कॉपी, सही-शिक्का असलेला कोणताही कागद, पासपोर्टची प्रत, हे काही नाही. आयईसी क्रमांक आणि स्पाइसेस बोर्डाच्या नोंदणीचा क्रमांक नुसता लिहून द्यायला हरकत नाही. मेलसोबत `.zip`, `.html` किंवा `.iso` अशी ‘परचेस ऑर्डर’ जोडलेली असेल तर ती उघडू नका. खरी चौकशी मेलमध्ये लिहूनही देता येते, हे समोरच्याला सांगा.

कंपनी खरी आहे का?

उत्तर येईपर्यंत तुमची बाजू सुरू करा. ब्रिटनमधल्या लिमिटेड कंपन्यांची नोंद कंपनीज हाउसकडे असते आणि `find-and-update.company-information.service.gov.uk` इथे नावाने किंवा क्रमांकाने फुकट शोधता येते. कंपनी सापडली की बरेच जण सुटकेचा श्वास टाकून टॅब बंद करतात. खरं वाचन तिथून सुरू होतं.

पहिल्या पानावर स्थापनेची तारीख आणि धंद्याचा कोड असतो. मसाल्यांच्या घाऊक व्यापाराचा कोड `46370` आहे, त्यात चहा, कॉफी आणि कोकोही येतात. कोड वेगळा असला म्हणून कंपनी खोटी होत नाही, पण तिथे बांधकाम किंवा सॉफ्टवेअर दिसलं तर विचारायला हवं. मग `Filing history` उघडा. इथे तीन गोष्टी बघायच्या. गेल्या पाच-सहा महिन्यांत डायरेक्टर बदललाय का, पत्ता बदललाय का आणि धंद्याचा कोड बदललाय का. तिन्ही एकदम बदलले असतील तर कुणीतरी जुनी, झोपलेली कंपनी विकत घेऊन तिच्या वयावर उधारी उचलायच्या तयारीत आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. ‘कंपनी २०१२ची आहे, म्हणजे भरवशाची’ हा हिशेब अशा वेळी चुकतो.

त्याच यादीत `Accounts` असतात. पीडीएफ उघडा. `Dormant company accounts` लिहिलेलं असेल तर त्या वर्षी कंपनीने काहीच धंदा केलेला नाही. छोट्या कंपनीचा ताळेबंद एक-दोन पानांचाच असतो, पण त्यात `Current assets` ही ओळ मिळते. समजा तिथे ४,२०० पौंड दिसतात. आता मघाशी लिहून ठेवलेला आकडा काढा. महिन्याला सव्वादोन लाख डॉलर म्हणजे साधारण पावणेदोन लाख पौंडांची खरेदी, आणि खिशात चार हजार. या दोन आकड्यांमधलं अंतर कुणाच्या तरी पैशाने भरलं जाणार, आणि तो कुणीतरी म्हणजे उधारीवर माल देणारे तुम्ही. पहिल्या पानावर `Active proposal to strike off` दिसलं, तर कंपनी रजिस्टरमधून काढून टाकायची प्रक्रिया सुरू आहे, तिथेच थांबा.

यापुढच्या दोन तपासण्या प्रत्येकी दोन मिनिटांच्या. `gov.uk` वर `Check a UK VAT number` ही सेवा आहे. क्रमांक टाकला की नोंदलेलं नाव आणि पत्ता दिसतो. ब्रिटनमध्ये वर्षाची करपात्र उलाढाल ९० हजार पौंडांवर गेली की व्हॅट नोंदणी करावीच लागते, आणि ज्या खाद्यपदार्थांवर शून्य दराने व्हॅट आहे त्यांची विक्रीही या उलाढालीत धरतात. त्यामुळे ‘आम्ही फूडमध्ये आहोत, आम्हाला व्हॅट नंबर लागत नाही’ हे उत्तर दहा कंटेनरच्या गिऱ्हाइकाकडून पटण्यासारखं नाही. ईओआरआय हा आयातदाराचा कस्टम्स क्रमांक. तो `GB` ने सुरू होतो, पुढे बारा अंक असतात, आणि त्याची पडताळणीही `gov.uk` वरच होते.

तिसरी तपासणी फारशी कुणाला ठाऊक नसते. ब्रिटनचं कर खातं `uktradeinfo.com` या साइटवर कोणत्या कंपनीने कोणत्या वस्तू आयात केल्या याची नावानिशी यादी ठेवतं. किती टन ते सांगत नाही, पण कंपनीचं नाव टाकून हळदीचा कोड `091030` तिच्यासमोर आहे का ते कळतं. ‘आम्ही दहा वर्षं भारतातून हळद घेतोय’ म्हणणाऱ्याचं नाव त्या यादीत कुठेच नसेल, तर कुणामार्फत आयात करता असं सरळ विचारा. दुसऱ्या आयातदाराच्या नावाने माल आणणारे छोटे व्यापारी असतात, त्यामुळे नाव नसणं हा पुरावा नाही. नाव असलं तर मात्र कंपनी हळदीच्या धंद्यात आहे एवढं नक्की.

हा माणूस त्या कंपनीचाच आहे का?

इथे बहुतेक नवे निर्यातदार फसतात. वरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या तर उलट जास्त जपून राहा. फसवणारा हल्ली खोटी कंपनी काढत बसत नाही. चालू, नावाजलेल्या, पैसेवाल्या कंपनीचं नाव, क्रमांक, व्हॅट नंबर, अगदी डायरेक्टरचं नावसुद्धा उचलतो. हे सगळं सार्वजनिक आहे, जसं तुम्हाला सापडलं तसंच त्यालाही. खोटी असते ती फक्त मेल आणि फोन नंबर. म्हणजे कंपनी खरी आणि तिच्या नावाने बोलणारा खोटा.

म्हणून मेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांमधून `Show original` निवडलं की आतल्या ओळी दिसतात. साधारण अशा:

```
From: "Purchase Dept" <purchase@abcfoods-uk.example>
Reply-To: abcfoods.purchase@gmail.com
SPF: PASS   DKIM: PASS   DMARC: PASS
```

खालच्या तीन `PASS` बघून हुरळून जाऊ नका. त्यांचा अर्थ एवढाच की मेल खरोखर `abcfoods-uk.example` या डोमेनवरून निघाली. ते डोमेन त्या कंपनीचं आहे का, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. कुणीही चारशे-पाचशे रुपयांत डोमेन घेऊन तिन्ही `PASS` मिळवू शकतो. बघायचं ते वर: `Reply-To` वेगळा आहे, म्हणजे तुमचं उत्तर कंपनीकडे न जाता भलत्याच जीमेलवर जाणार.

मग डोमेनचं वय काढा. `.com` साठी `lookup.icann.org` वर डोमेन टाका आणि `Created` ही तारीख बघा. `.co.uk` असेल तर `nominet.uk` वर तशीच सोय आहे. कंपनी २०१२ची आणि डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचं, असं निघालं तर पुढचं सगळं संभाषण संशयित धरा. कंपनीची मूळ साइट वेगळी शोधा, मेलमधल्या लिंकवरून नको, गूगलवर नाव टाकून. बहुतेक वेळा मूळ साइट `abcfoods` अशी साधी असते आणि मेलवाल्याने मध्ये `-uk`, `-group` किंवा एखादं जास्तीचं अक्षर घुसवलेलं असतं.

आता फोन. मूळ साइटवरच्या लँडलाइनवर करा, मेलच्या सहीत दिलेल्या नंबरवर नको. ब्रिटनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड, हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो, त्यामुळे दुपारी तीननंतर लावला की ऑफिस उघडं सापडतं. मेलमधल्या नंबरकडेही एक नजर टाका. `+44 70` ने सुरू होणारा नंबर ब्रिटिश दिसतो, पण तो फोन जगात कुठेही वळवता येतो. व्हॉट्सअ‍ॅप नंबरचंही तसंच, त्यावरचा डीपी म्हणजे ओळखपत्र नव्हे.

स्विचबोर्डवर बोलायचं फार थोडं आहे. मी नवी मुंबईहून बोलतोय, तुमच्या पर्चेसकडून हळदीची चौकशी आली आहे, अमुक नावाची व्यक्ती तुमच्याकडे आहे का, आणि हा मेल पत्ता तुमचा आहे का. समोरून ‘असा कुणी नाही’ आलं तर विषय संपला. काही कंपन्या थकून म्हणतात, ‘आमच्या नावाने हे कुणीतरी करतंय, तुम्ही या आठवड्यातले तिसरे.’ ‘हो, आहे’ आलं तर त्यांना विनंती करा की त्यांच्या मूळ डोमेनवरून एक ओळीची मेल पाठवावी. खरा खरेदीदार याला कधी वाईट वाटून घेत नाही, त्याच्याकडेही नवा पुरवठादार तपासायची हीच पद्धत असते.

इंग्रजी मोडकं आहे किंवा मेल जीमेलवरून आली म्हणून कुणाला बाद करू नका. आखाती देशांतले बरेच जुने, चोख व्यापारी आजही जीमेल किंवा याहूवरून काम करतात. उलट फसवणाऱ्याचं इंग्रजी आता अगदी गुळगुळीत असतं. तेव्हा भाषेपेक्षा पैसा कोणत्या दिशेला जातोय ते बघा.

पैसा तुमच्याकडून जातोय?

भाव न देता दोन-तीन मेल झाल्या की खोटा खेळ आपणहून उघडा पडू लागतो. त्याची सर्वांत ठरलेली खूण म्हणजे घासाघीस नसणं. भाव विचारला आणि पहिल्याच आकड्याला ‘मंजूर’ म्हणणारा व्यापारी मार्केट यार्डातही कुणी पाहिलेला नसतो. मग मागणी येते: वेंडर रजिस्ट्रेशनसाठी तीनशे पौंड, करार नोंदवायला वकिलाची फी, किंवा त्यांनी ठरवलेल्याच एजन्सीकडून मालाची तपासणी आणि तिचं शुल्क आधी. रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली असते की कोटीच्या ऑर्डरसमोर ती चिल्लर वाटावी. खरा खरेदीदार पुरवठादाराकडून नोंदणीसाठी पैसे घेत नाही. तपासणी त्याला हवी असेल तर खर्च कोणाचा ते करारात ठरतं, अनोळखी खात्यात आगाऊ भरायचं नसतं.

दुसरा प्रकार उधारीचा. तीस दिवसांची उधारी, माल थेट एखाद्या भाड्याच्या गोदामावर, आणि तोही नावाजलेल्या कंपनीच्या नावाखाली. माल उतरला की तिथे कुणीच नसतं. तिसरा प्रकार जास्तीच्या पैशांचा: ठरल्यापेक्षा जास्त रक्कम आली असं दाखवायचं आणि फरक परत मागायचा. बँकेने रक्कम खात्यात पक्की जमा केली आहे आणि पाठवणाऱ्याचं नाव करारातल्या कंपनीचंच आहे, हे तुमच्या बँकेकडून लेखी कळेपर्यंत एक रुपयाही परत करू नका.

मग भाव कसा द्यायचा

सगळं तपासून समाधान झालं, तरी पहिला भाव मेलमध्ये साध्या ओळीत द्या, शिक्क्याच्या प्रोफॉर्मावर नको. ग्रेड, पॅकिंग आणि एका कंटेनरचं प्रमाण लिहून, ‘एफओबी न्हावा शेवा, तीन दिवसांसाठी’ असं. सांगलीचा लिलाव आणि वायदे बाजार रोज हलतात, त्यामुळे महिनाभराची मुदत दिलीत तर भाव चढल्यावर तोटा तुमचा. पहिल्या ऑर्डरला ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल सोडवून घ्यायला लागणाऱ्या जहाज कंपनीच्या कागदाची, स्कॅन प्रत पाहिल्यावर, अशी अट ठेवा. ती नको असेल तर लेटर ऑफ क्रेडिट.

त्यातही एक अडचण आहे. लेटर ऑफ क्रेडिट पीडीएफ म्हणून मेलवर येत नाही. ते स्विफ्टच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे येतं, आणि तुमची बँक तुम्हाला कळवते. मेलवर आलेली प्रत फक्त वाचायला, त्यावर माल भरायचा नाही. कागदपत्रं बँकेमार्फत पाठवायची असतील तर खरेदीदाराने दिलेलं बँकेचं नाव आणि पत्ता तुमच्या शाखेच्या फॉरेक्स डेस्ककडून स्विफ्टच्या यादीत बघून घ्या. बनावट ‘बँकेच्या’ पत्त्यावर मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरने गेलं आणि माल पैसे न देता सुटला, अशा तक्रारी कस्टम हाउस एजंटांकडे जुन्या आहेत.

उधारी द्यावीच लागणार असेल तर निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीकडे त्या खरेदीदारावर क्रेडिट लिमिट मागा. लिमिट नाकारली गेली, तर तेही एक उत्तरच आहे. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या व्यापार विभागाला कंपनीचं नाव, क्रमांक आणि आलेली मेल पाठवून चौकशी करता येते. उत्तराला वेळ लागतो, म्हणून ही मेल पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. आणि फी किंवा दुसरं काही भरून झालेलं असेल तर मिनिटभरही न थांबता आपल्या बँकेला कळवा, १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. मेल डिलीट करू नका, `Show original` मधल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा सेव्ह करून तक्रारीला जोडा.